मापात पाप

जुन्या कर्जरोख्याच्या तळाशी शेतकऱ्याची सही सहसा नसते. तिथं नांगराचं एक ओबडधोबड चित्र असतं आणि शेजारी मोडीत लिहिलेलं असतं, ‘निशाणी नांगराची’. ज्याला अक्षर येत नाही त्या कुणब्यानं आपल्या अवजाराची खूण करायची आणि बाकीचा मजकूर ज्याला लिहिता येतं त्यानं भरायचा, अशी ती रीत. मजकुरात रक्कम असते, व्याज असतं, मुदत असते आणि ‘राजीखुशीनं लिहून दिलं’ असंही असतं. खाली खूण करणाऱ्याला यातलं काहीच वाचता येत नाही.

१८७५ साली पुणे आणि नगर जिल्ह्यांतले शेतकरी उठले ते या कागदावर. त्या उठावाला इतिहासात ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात. हे नाव सरकारनं दिलेलं आहे आणि मला ते पटत नाही, कारण दंग्यात माणूस दिसेल ते मोडतो आणि इथं लोकांनी निवडून एकच गोष्ट मोडली. ती निवड समजून घ्यायची तर त्याच काळातले दुसरे उठाव शेजारी ठेवून पाहावे लागतात. संथाळांनी १८५५ मध्ये जे केलं ते सुप्याच्या लोकांनी का केलं नाही? पाबन्याचे शेतकरी १८७३ मध्ये कोर्टाची पायरी चढले, मग आपल्याकडचे तिकडे का फिरकले नाहीत? आणि पुणे जिल्ह्याच्याच पश्चिम टोकाला, घाटमाथ्यावरच्या महादेव कोळ्यांनी सावकाराचं नाक का कापलं?

सुरुवात सुप्यापासूनच करू. सुपे म्हणजे शहाजीराजांच्या जहागिरीतलं पुणे-सुपे. आज ते बारामती तालुक्यात आहे, तेव्हा भीमथडीत होतं. १२ मे १८७५, बुधवार, बाजाराचा दिवस. आसपासच्या गावांतली माणसं बाजाराला म्हणून आली होती. ती जमली आणि गुजर सावकारांच्या दुकानांवर, घरांवर चालून गेली. माल लुटला गेला, एका घराला आगही लागली. पण गर्दीचा खरा डोळा होता वह्या आणि खतं यांच्यावर. ती बाहेर काढली आणि जाळली. पुढच्या काही दिवसांत हे लोण तीसेक गावांत पसरलं, नगरकडच्या पारनेर, श्रीगोंदे, कर्जत भागातही पोचलं. जवळजवळ सगळीकडे रीत एकच होती. सावकाराकडं खतं मागायची, त्यानं मुकाट्यानं दिली तर त्याच्या अंगाला फारसा हात लावायचा नाही. नाही म्हटलं तर मात्र मारहाण, जाळपोळ. एवढ्या मोठ्या उठावात माणसं मारली गेल्याची उदाहरणं शोधावी लागतात. फौज आणि पोलीस आले, ९५१ जणांना पकडलं, ५०१ जणांना शिक्षा झाली.

या ठिणगीआधी पाचेक महिने एक गाव शांतपणे लढलं होतं आणि त्याची आठवण फार कमी ठेवली गेली आहे. ते गाव म्हणजे शिरूर तालुक्यातलं करडे. तिथं काळूराम नावाच्या मारवाडी सावकारानं बाबासाहेब देशमुख या शेतकऱ्याविरुद्ध दीडशे रुपयांचा हुकूमनामा मिळवला आणि डिसेंबर १८७४ मध्ये त्याचं राहतं घर पाडलं. गावानं एकी करून सावकारांवर बहिष्कार टाकला. त्यांच्या दुकानातून काही घ्यायचं नाही, त्यांचं शेत कसायचं नाही. बलुतेदारही यात उतरले. न्हाव्यानं हजामत करायची नाही, परटानं कपडे धुवायचे नाहीत, सुतार-लोहार-चांभारानं त्यांच्या कामाला हात लावायचा नाही. गावगाड्याचं जे यंत्र एरवी माणसाला जातीत बांधून ठेवतं, तेच इथं सावकाराला कोंडण्यासाठी वापरलं गेलं. आसपासच्या गावांनी हा कित्ता गिरवला. बहिष्कारानं गाऱ्हाणं मात्र मिटलं नाही, कारण सावकाराची खरी ताकद गावात नव्हतीच. ती होती तालुक्याच्या कोर्टात.

सावकार काही इंग्रजांनी आणला नव्हता. पेशवाईतही तो होता आणि जबर व्याज घेत होता. पण वसुलीसाठी त्याला गावातच राहावं लागे, पाटील-पंचांचं तोंड बघावं लागे. शिवाय दामदुपटीची रूढी होती, म्हणजे व्याज मुद्दलाच्या वर जाऊ द्यायचं नाही. इंग्रजी अमलानं यात दोन गोष्टी बदलल्या. एक म्हणजे रयतवारी. सरकार आणि शेतकरी यांच्यात जमीनदार नाही, सारा थेट शेतकऱ्याच्या नावावर आणि तो रोखीत, हप्ता ठरलेल्या तारखेला, पाऊस पडो न पडो. भीमथडी-इंदापूर हा पट्टा कायमचा अवर्षणाचा, तिथं पीक हाती येण्याआधी हप्ता भरायचा तर सावकाराशिवाय गत्यंतर नव्हतं. दुसरी गोष्ट म्हणजे जमीन विकता येण्याजोगी झाली आणि कर्जापायी कोर्टातून ती उतरवून घेता येऊ लागली. आता सावकाराला पंचांची गरज उरली नाही, कागद पुरे झाला.

त्यातच एक चांगल्या हेतूनं केलेला कायदा उलटला. १८५९ मध्ये सरकारनं ठरवलं की कर्जरोख्यावर तीन वर्षांच्या आतच दावा लावता येईल. व्याज साचत राहू नये, हा हेतू. सावकारानं काय केलं? तीन वर्षं भरत आली की शेतकऱ्याला बोलावून नवं खत लिहून घ्यायचं आणि त्यात जुनं मुद्दल अधिक थकलेलं व्याज हे सगळं नवं मुद्दल म्हणून मांडायचं.

हे कसं चढत जातं ते एका मांडणीवरून पाहू. समजा, शेतकऱ्यानं १०० रुपये घेतले, व्याज शेकडा दोन रुपये महिना आणि मध्ये काहीच फेडता आलं नाही. तीन वर्षांत व्याज ७२ रुपये झालं. नवं खत १७२ रुपयांचं. पुढच्या तीन वर्षांनी त्याचं खत होतं साधारण २९६ रुपयांचं आणि नवव्या वर्षाच्या अखेरीस ५०९ रुपयांचं. कायदा नसता आणि सरळ व्याज चाललं असतं तर हाच आकडा ३१६ झाला असता. दामदुपट पाळली असती तर २०० वर थांबला असता. आणि या हिशेबात सावकार प्रामाणिक आहे असं मी धरलं आहे. मध्ये दिलेलं धान्य जमा न करणं, पावती न देणं, जुनं खत परत न करणं, रक्कम वाढवून लिहिणं, हे यात धरलेलंच नाही. दंग्यांच्या चौकशीसाठी नेमलेल्या आयोगापुढं तर १०० रुपयांच्या कर्जावर दोन हजारांहून अधिक व्याज लावल्याचं प्रकरण आलं.

दर खतागणिक कोर्टाच्या नजरेत शेतकरी ‘राजीखुशीनं’ नवं कर्ज घेत होता. जुना हिशेब बंद, नवा कागद हाच पुरावा. समन्स निघे, शेतकरी जात नसे. गेला तरी करतो काय, खाली नांगराची निशाणी त्याचीच होती. मग एकतर्फी हुकूमनामा होई.

अमेरिकेतल्या यादवी युद्धानं, १८६१ ते ६५ या काळात, कापसाचे भाव भडकले तेव्हा सावकारानं हात सैल सोडले होते. युद्ध संपलं, भाव कोसळले, कर्ज मिळणं बंद झालं आणि नेमकी त्याच सुमारास तीस वर्षांची मुदत संपून साऱ्याची फेरआकारणी झाली. कितीतरी गावांत सारा पन्नास ते शंभर टक्क्यांनी चढला. पुण्याच्या सार्वजनिक सभेनं त्यावर चौकशी करून गाऱ्हाणं मांडलं होतं. म्हणजे सरकार मागतंय जास्त आणि सावकार देत नाही, अशी दोन्हीकडून कोंडी झाली. पुढं आयोगानं अहवाल दिला त्यात सरकारी साऱ्याला दोषमुक्त केलं आणि सगळा ठपका सावकारावर ठेवला. हा निष्कर्ष सरकारच्या सोयीचा होता. साऱ्याचा हप्ता नसता तर यातले निम्मे शेतकरी सावकाराच्या ओट्यावर चढलेच नसते, असं माझं स्पष्ट मत आहे.

आता तिकडच्या संथाळांकडे वळू. आजच्या झारखंडात राजमहालच्या डोंगरांच्या पायथ्याशी कंपनी सरकारनं १८३२-३३ मध्ये ‘दामिन-ए-कोह’ नावाचा टापू आखून दिला आणि जंगल तोडून शेती करायला संथाळांना तिथं बोलावलं. १८३८ मध्ये तिथं तीन हजारांच्या आसपास संथाळ होते, १८५१ मध्ये ब्याऐंशी हजारांवर गेले. त्यांनी जंगल तोडलं, भातखाचरं केली, आणि मागोमाग महाजन आले. महाजनांकडं दोन मापं असत. घ्यायचं माप मोठं, त्याला म्हणत ‘केनाराम’. द्यायचं माप लहान, ते ‘बेचाराम’. मीठ, धान्य देताना बेचाराम, पीक घेताना केनाराम. आपल्याकडं ज्याला मापात पाप म्हणतात ते तिथं दोन नावं घेऊन दुकानात उघड बसलेलं होतं. कर्ज फिटलं नाही की माणूस स्वतः महाजनाच्या शेतात राबायला बांधला जाई.

दाद मागायची तर कोर्ट दूर, भाषा परकी, आणि जवळ होता तो पोलीस दरोगा महाजनाचाच माणूस. ३० जून १८५५ रोजी भोगनाडीह गावात सिदो आणि कान्हू मुर्मू या भावांच्या हाकेवर शेकडो गावांतले सुमारे दहा हजार संथाळ जमले. आपलं राज्य आता आपणच चालवायचं, हा तिथला निर्णय होता. आठवड्याच्या आत दरोगा महेशलाल दत्त मारला गेला आणि मग महाजन, जमीनदार, नीळवाले, रेल्वेची ठाणी, कुणीच सुटलं नाही. त्यांचं भांडण एका कागदापुरतं किंवा एका मापापुरतं नव्हतं. ज्या व्यवस्थेत ते माप चालतं ती सगळीच त्यांना उखडायची होती, कारण त्या व्यवस्थेत त्यांना शिरायला दारच नव्हतं. धनुष्यबाणांपुढं बंदुका आल्या, नोव्हेंबरमध्ये लष्करी कायदा लागू झाला आणि हजारो संथाळ मारले गेले.

हा फरक मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. सुप्याचा कुणबी कोर्टामुळं नागवला गेला, पण कोर्ट काय असतं हे त्याला ठाऊक होतं. कागद गेला की दावा गेला, हे त्याला नेमकं कळलं होतं. म्हणून त्याला राज्य उलथायची गरज वाटली नाही. पुरावा जाळणं पुरेसं होतं. संथाळाला ते यंत्र आतून कधी दिसलंच नाही, त्याला दिसली ती फक्त त्याची माणसं.

पाबन्याचे शेतकरी याच्या दुसऱ्या टोकाला. आजच्या बांगलादेशातल्या या जिल्ह्यात जमीनदारी होती. सरकारला द्यायची रक्कम १७९३ पासून कायमची ठरलेली, पण कुळाकडून घ्यायच्या खंडाला ओढून ताणून वाढवता येत होतं. जमीनदार वरचेवर नवे उपकर लावत आणि जमीन मोजण्याची काठी आखूड करत. काठी आखूड झाली की तेच शेत कागदावर मोठं होतं आणि खंड आपोआप चढतो. १८५९ च्या एका कायद्यानं बारा वर्षं जमीन कसणाऱ्या कुळाला काही हक्क दिले होते आणि ते हक्क सिद्ध होऊ नयेत यासाठीच जमीनदारांची धडपड चालली होती. म्हणजे इथं कायदा, निदान कागदावर, कुळाच्या बाजूचा होता. म्हणून युसुफशाही परगण्यातल्या कुळांनी १८७३ मध्ये संघ काढला, वर्गणी गोळा केली, वकील दिले आणि वाढीव खंड बंद केला. आम्हाला फक्त राणीची रयत व्हायचं आहे, असं ते म्हणत. त्यांना कागद जाळायचा नव्हता, उलट आपल्या हक्काचा कागद हवा होता. थोडीफार मारामारी झाली, पण बहुतेक लढाई कोर्टातच लढली गेली आणि बंगालच्या लेफ्टनंट गव्हर्नरनं शांततेनं एकत्र येण्याचा रयतेचा हक्क जाहीरनाम्यात मान्य केला. त्या वाटेचा शेवट १८८५ च्या कूळकायद्यात झाला.

पुन्हा पुण्याकडे येऊ, पण घाटावर. जुन्नरपासून पश्चिमेला भाताची खाचरं आणि हिरड्याची रानं असलेला महादेव कोळ्यांचा मुलूख आहे. किल्ल्यांची राखण, घाटवाटांची चौकी ही जुनी कामं इंग्रजांनी मोडीत काढली आणि सावकार मात्र वर चढून आला. याच मुलखात राघोजी भांगरे यांनी १८४० च्या दशकात सावकारांवर आणि सरकारवर हत्यार उचललं होतं. त्यांना १८४८ मध्ये ठाण्याला फाशी दिलं. १८७३ मध्ये जांभोरीच्या होन्या भागोजी केंगले यांनी पुन्हा टोळी बांधली आणि पुणे, ठाणे, नाशिक, नगरच्या डोंगराळ पट्ट्यात सावकारांवर छापे घातले. सावकाराचं नाक कापायचं, ही त्यांची शिक्षा. मेजर डॅनियल या पोलीस अधिकाऱ्यानं १८७६ मध्ये त्यांना पकडेपर्यंत हे चाललं.

सुपे आणि जांभोरी एकाच जिल्ह्यात, साल जवळजवळ एकच आणि वैरी एकाच धंद्याचा. पण एका ठिकाणी खत जळतं आणि दुसरीकडं नाक जातं. माझा तर्क असा आहे. सपाटीवरच्या गावात सावकार वाड्यात राहतो, त्याची वही तिथंच असते, पाटील-बलुतेदारांसह गाव एकत्र येऊ शकतं. डोंगरात वस्त्या विखुरलेल्या, बाजाराची गर्दी नाही. तिथं जमावापेक्षा टोळी चालते आणि टोळीला वही शोधत बसायला सवड नसते. मग धाक बसावा अशी खूण माणसाच्या चेहऱ्यावरच करायची. ती क्रूरच होती. पण ज्याची पत गावोगाव फिरून वसुली करण्यावर चालते, त्याला यापेक्षा मोठी नामुष्की नव्हती.

सुप्याच्या उठावाची एक बाजू झाकू नये. मार बसला तो जवळजवळ फक्त मारवाडी आणि गुजर सावकारांना. जिथं ब्राह्मण किंवा इतर जातींचे देशी सावकार तोच धंदा करत होते, तिथं त्यांच्याकडं बहुतेकदा कुणी वळलं नाही. त्यांचं व्याज कमी होतं म्हणून नव्हे, ते ‘आपले’ होते म्हणून. शिवाय गावातला छोटा मारवाडी स्वतः पेठेतल्या मोठ्या सावकाराचं देणं लागत असे. चोपडी जळाली तेव्हा बुडाला तो हा छोटा. मोठ्याची पेठेतली वही शाबूत राहिली.

पदरात काय पडलं? संथाळांना वेगळा ‘संथाळ परगणा’ मिळाला, जिथं नेहमीचे कायदे आणि पोलीस लागू नव्हते. जे राज्य मागितलं ते मिळालं नाही, पण वेगळेपण मिळालं. सुप्याच्या लोकांना १८७९ चा ‘दख्खन शेतकरी मदत कायदा’ मिळाला, पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी. त्यातलं कलमन्‌कलम जणू त्या जळालेल्या खतांना दिलेलं उत्तर आहे. कोर्टानं खतावर न थांबता मागे जाऊन मूळ व्यवहार तपासायचा. खत गावच्या निबंधकासमोर लिहायचं. सावकारानं पावती आणि हिशेबाचा उतारा द्यायचा. कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात घालायचं नाही आणि खास गहाण लिहून दिल्याशिवाय जमीन विकायची नाही. कोर्टानं आंधळेपणानं कागद मानायचा नाही, हे सुप्याच्या लोकांनी चार वर्षं आधी आगीनं सांगितलं होतं.

सावकारानं यालाही वाट काढली. गहाणखतावर कोर्ट मागे जाऊन हिशेब बघतं म्हटल्यावर तो गहाणाऐवजी सरळ खरेदीखत करून घेऊ लागला. तोंडी वचन असायचं की पैसे फेडलेस की जमीन परत. कागदावर मात्र विक्री झालेली असे. कर्ज मिळणंही अवघड झालं. ही युक्ती इतकी चिवट निघाली की महाराष्ट्राच्या २०१४ च्या सावकारी कायद्यातही तिच्यासाठी कलम घालावं लागलं. सावकारीच्या व्यवहारात बळकावलेली जमीन खरेदीखताच्या रूपात असली तरी जिल्हा निबंधक चौकशी करून ती मूळ मालकाला परत देऊ शकतो. ज्यांच्या घरात असं प्रकरण अडकलेलं आहे, त्यांनी या कलमाची माहिती जरूर करून घ्यावी.

आणि ज्यांच्या घरी माळ्यावर, देवघराच्या मागं, आजोबांच्या पेटीत मोडीतले जुने कागद पडलेले आहेत, त्यांना एक विनंती. ते रद्दीत घालू नका, मोडी वाचणाऱ्याला दाखवा. तारखा पाहा, एकाच नावानं तीन-तीन वर्षांच्या अंतरानं लिहिलेली खतं सापडतात का ते पाहा, आणि तळाशी नांगराची निशाणी आहे का तेही पाहा.